वाचणारे अनेक, लिहिणारा एक

डेटाबेसमधील एकाच नोंदीला दोन व्यवहार एकाच वेळी हात घालतात, तेव्हा दोघांना पुढे जाऊ द्यायचे की एकाला थांबवायचे, हे ठरवण्यासाठी एक लहानसा तक्ता वापरला जातो. त्याला लॉक कम्पॅटिबिलिटी मॅट्रिक्स म्हणतात. मराठीत त्याला लॉकच्या मेळाचा तक्ता म्हणता येईल. त्यात चारच घरे असतात. बँकेची खाती, गाड्यांची आरक्षणे किंवा दुकानातील साठा ज्या डेटाबेसमध्ये असतो, त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात हा तक्ता कुठल्या ना कुठल्या रूपात काम करत असतो.

तक्ता समजण्यासाठी आधी लॉकचे दोन प्रकार माहीत हवेत. फक्त वाचायचे असेल, तर व्यवहार शेअर्ड लॉक मागतो. ‘मी हे वाचतो आहे, तोवर यात कोणी बदल करू नये,’ एवढेच तो सांगतो. लिहायचे असेल, तर एक्सक्लुझिव्ह लॉक मागावा लागतो. त्याचे म्हणणे जास्त कडक असते: ‘मी हे बदलतो आहे, तोवर लॉक मागणाऱ्या दुसऱ्या कोणालाही ही नोंद मिळू नये.’ तांत्रिक लेखनात पहिल्याला एस आणि दुसऱ्याला एक्स असे एकाक्षरी नाव आहे.

| आधी दिलेला लॉक | नवी मागणी: शेअर्ड | नवी मागणी: एक्सक्लुझिव्ह |
|---|---|---|
| शेअर्ड | चालते | थांबावे लागते |
| एक्सक्लुझिव्ह | थांबावे लागते | थांबावे लागते |

चारपैकी एकाच घरात परवानगी आहे. वाचणारे कितीही असले, तरी एकमेकांचे काही बिघडवत नाहीत, म्हणून शेअर्डचा शेअर्डशी मेळ बसतो. बाकी तीन घरांत किमान एक जण लिहिणारा आहे, आणि लिहिणाऱ्याचा कोणाशीच मेळ बसत नाही. हा तक्ता वेगवेगळ्या व्यवहारांमधील नाते सांगतो, ही गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी लागते. एखाद्या व्यवहाराने स्वतः घेतलेला लॉक त्याच्याच पुढच्या मागणीला आडवा येत नाही. आडवे येतात ते इतरांचे लॉक.

हा तक्ता नसता तर काय झाले असते, हे एका खात्यावरून पाहू. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात १०,००० रुपये आहेत. एक जण शाखेतून ३,००० काढतो आणि त्याच क्षणी दुसरी व्यक्ती एटीएममधून २,००० काढते. दोन्ही ठिकाणचे प्रोग्राम आधी शिल्लक वाचतात, वजाबाकी स्वतः करतात आणि नवी शिल्लक लिहितात. दोघांनीही १०,००० वाचले. शाखेच्या प्रोग्रामने ७,००० लिहिले आणि त्यावर एटीएमच्या प्रोग्रामने ८,००० लिहिले. हातात ५,००० रुपये गेले, खात्यातून मात्र २,००० च कमी झाले. पहिल्याने लिहिलेला बदल दुसऱ्याच्या लिखाणाखाली हरवला, म्हणून या दोषाला हरवलेला बदल म्हणतात.

दोन्ही प्रोग्रामांनी लॉक घेतले आणि व्यवहार संपेपर्यंत सोडले नाहीत, तर असे होत नाही. ‘संपेपर्यंत सोडले नाहीत’ या शब्दांत सगळे मर्म आहे. १९७६ मध्ये कपाली एस्वरन, जिम ग्रे, रेमंड लोरी आणि आयर्व्हिंग ट्रेगर या आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधकांनी एका निबंधात हा नियम नेमकेपणाने मांडला. व्यवहाराच्या आयुष्याचे दोन टप्पे असावेत: आधी लॉक गोळा करण्याचा, मग सोडण्याचा. एक जरी लॉक सोडला, की त्यानंतर नवा घ्यायचा नाही. हा नियम सर्वांनी पाळला, तर एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांचा निकाल ते एकापाठोपाठ एक चालवल्यासारखाच येतो. याला टू-फेज लॉकिंग म्हणतात. प्रत्यक्षातील डेटाबेस बहुधा त्याहून कडक वागतात आणि एक्सक्लुझिव्ह लॉक व्यवहार पक्का होईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत मुळीच सोडत नाहीत.

तक्ता चार घरांचा असला, तरी लॉक वाटणाऱ्या यंत्रणेला केवळ तो वाचून भागत नाही. कुठल्याही नोंदीपाशी दोन याद्या असतात: लॉक मिळालेल्यांची आणि रांगेत थांबलेल्यांची. समजा, तीन वाचक आत आहेत आणि एक लेखक रांगेत उभा आहे. तेवढ्यात चौथा वाचक आला. आत असलेल्यांशी त्याचा मेळ बसतो, म्हणून त्याला आत घेतले, मग पाचव्याला घेतले, सहाव्याला घेतले, तर लेखकाचा नंबर कधीच लागणार नाही. म्हणून नव्या मागणीची पडताळणी रांगेत आधीपासून उभ्या असलेल्यांशीही करावी लागते. चौथा वाचक लेखकाच्या मागे उभा राहतो. वाचनाचे काम अचानक अडून बसते आणि पाहणाऱ्याला वाटते की वाचक वाचकांना अडवत आहेत. प्रत्यक्षात मध्ये एक लेखक उभा असतो.

आता खरी अडचण. बँकेच्या उदाहरणात प्रोग्राम आधी वाचतो आणि नंतर लिहितो. वाचताना त्याने शेअर्ड लॉक घेतला. लिहिण्याची वेळ आली, तेव्हा त्याला तोच लॉक एक्सक्लुझिव्ह करून हवा आहे. याला लॉक अपग्रेड म्हणतात. इथे जुना शेअर्ड लॉक सोडून नवा एक्सक्लुझिव्ह घेणे चालत नाही. सोडणे आणि घेणे यांच्या मधल्या फटीत दुसरा कोणी शिल्लक बदलून जाऊ शकतो, आणि मग वाचलेल्या १०,००० ला काही अर्थ उरत नाही. म्हणून अपग्रेड मागणारा आपला शेअर्ड लॉक हातात घट्ट धरूनच थांबतो आणि इतर सर्व वाचक निघून गेले, की त्याला बढती मिळते. ही फट काल्पनिक नाही. लिनक्समध्ये फाइल लॉक करणाऱ्या `flock` या सुविधेच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे, की तिथे रूपांतर अखंड होईलच याची हमी नाही. आधीचा लॉक काढला जातो आणि मग नवा लावला जातो. तिथे रूपांतरानंतर फाइल पुन्हा वाचणे भाग असते.

हातातील लॉक न सोडता थांबणे एका बाजूने सुरक्षित आहे, तर दुसऱ्या बाजूने कोंडी करणारे. मायएसक्यूएल या डेटाबेसवर, त्याच्या नेहमीच्या इनोडीबी इंजिनात, वरचे उदाहरण चालवून पाहता येते. दोन खिडक्या उघडायच्या आणि दोन्हींत पुढील मजकूर द्यायचा. दुसऱ्या खिडकीत फक्त रक्कम 8000 ठेवायची.

```sql
START TRANSACTION;
SELECT balance FROM accounts
  WHERE id = 17 FOR SHARE;
UPDATE accounts SET balance = 7000
  WHERE id = 17;
COMMIT;
```

इथे `FOR SHARE` हे शब्द महत्त्वाचे आहेत. इनोडीबीमध्ये साधा `SELECT` नेहमीच्या सेटिंगमध्ये नोंदीवर लॉक घेतच नाही. तो नोंदीची जुनी पक्की आवृत्ती वाचून मोकळा होतो. शेअर्ड लॉक हवा असेल, तर तो असा मागून घ्यावा लागतो.

पहिल्या खिडकीत `SELECT` चालवला, शेअर्ड लॉक मिळाला. दुसऱ्या खिडकीत `SELECT` चालवला, तोही मिळाला. तक्त्यातील परवानगीचे एकमेव घर हेच. मग पहिल्या खिडकीत `UPDATE` दिला. त्याला एक्सक्लुझिव्ह हवा आहे आणि दुसऱ्या खिडकीचा शेअर्ड लॉक आडवा आहे, म्हणून पहिली खिडकी गप्प उभी राहते. आता तिसऱ्या खिडकीतून `performance_schema.data_locks` हा तक्ता पाहिला, तर चित्र स्पष्ट दिसते: पहिल्या व्यवहाराच्या नावे त्याच नोंदीवर एक `S` लॉक `GRANTED` आहे आणि एक `X` लॉक `WAITING` आहे. अपग्रेडसाठी अडलेल्या व्यवहाराची हीच खूण.

शेवटी दुसऱ्या खिडकीत `UPDATE` दिला. पहिला दुसऱ्याच्या शेअर्ड लॉकसाठी थांबला आहे, दुसरा पहिल्याच्या. दोघेही हातातले सोडणार नाहीत. हीच डेडलॉकची कोंडी. इनोडीबी अशी वर्तुळे शोधत असतो, त्यामुळे इथे एका खिडकीत लगेच ही ओळ उमटते:

```
ERROR 1213 (40001): Deadlock found when trying
to get lock; try restarting transaction
```

ज्याने कमी नोंदी बदलल्या आहेत, असा व्यवहार बळी म्हणून निवडण्याकडे इनोडीबीचा कल असतो. बळी गेलेला व्यवहार पूर्ण मागे घेतला जातो, त्याचा शेअर्ड लॉक सुटतो आणि दुसऱ्याला बढती मिळून त्याचे काम होते. संदेशाच्या शेवटी व्यवहार पुन्हा सुरू करायला सांगितले आहे, आणि ते शब्दशः पाळायचे असते. पुन्हा चालवायचा तो केवळ `UPDATE` नव्हे, तर पहिल्या `SELECT` पासून सगळा व्यवहार, कारण मधल्या काळात शिल्लक १०,००० राहिलेली नाही. अनेक प्रोग्राम नेमके इथेच चुकतात: अडलेली शेवटची ओळ तेवढी पुन्हा पाठवतात, आणि तक्त्याने टाळलेला हरवलेला बदल मागच्या दाराने परत आणतात.

कोंडी शोधण्याची सोय बंद ठेवली असेल, तर सुटका मुदत संपल्यावरच होते. इनोडीबीत ही मुदत मूळ सेटिंगनुसार ५० सेकंदांची आहे आणि त्या वेळी `ERROR 1205` येतो. इथे एक बारकावा आहे: मुदत संपल्यावर, सेटिंग बदलले नसेल तर, फक्त अडलेली ओळ रद्द होते. व्यवहार तसाच उघडा राहतो आणि त्याचे आधीचे लॉकही तसेच राहतात. प्रोग्रामने स्वतः `ROLLBACK` दिला नाही, तर ते लॉक पुढे इतरांना अडवत राहतात.

दोघेही वाचक असले, तरच अशी कोंडी होते असे नाही. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीच्या अधिकृत पुस्तिकेतील डेडलॉकचे उदाहरण याहून बोधक आहे. पहिल्याकडे शेअर्ड लॉक आहे. दुसऱ्याकडे काहीच नाही. तो थेट नोंद खोडायला येतो, एक्सक्लुझिव्ह मागतो आणि पहिल्यासाठी रांगेत उभा राहतो. मग पहिलाही तीच नोंद खोडू पाहतो. आत तो एकटाच आहे, तेव्हा त्याला बढती मिळायला हरकत नव्हती. पण रांगेत आधी दुसऱ्याची मागणी आहे, म्हणून पहिल्याची बढती तिच्यामागे जाते, आणि दुसरा तर पहिल्याचीच वाट पाहतो आहे. रांगेचा न्याय सगळ्यांना सारखाच लावल्याने ही कोंडी झाली. म्हणूनच लॉक व्यवस्थापनाच्या शास्त्रात असा संकेत आहे, की आधीच आत असलेल्याच्या बढतीची मागणी बाहेरून आलेल्या नव्या मागण्यांच्या पुढे घ्यावी. त्याला मागे ढकलून पुढच्या कोणाचाही फायदा होत नाही.

रांगेची शिस्त सुधारून दुसऱ्या प्रकारची कोंडी टळते. पहिल्या प्रकारची टळत नाही. दोन वाचकांनी एकाच वेळी बढती मागितली, तर कुठलाही क्रम लावला तरी त्यांची सुटका नाही. त्यासाठी तक्त्यातच एक रांग आणि एक स्तंभ वाढवावा लागला. या तिसऱ्या प्रकाराला अपडेट लॉक किंवा यू म्हणतात. त्याचा अर्थ, ‘आत्ता वाचतो आहे, पण पुढे लिहिण्याचा विचार आहे.’ मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा लॉक शेअर्डशी जुळतो, पण दुसऱ्या अपडेट लॉकशी जुळत नाही आणि एक्सक्लुझिव्हशीही जुळत नाही. वाचक कितीही असोत, त्यांच्यात लिहिण्याचा विचार असणारा एकच राहतो. बँकेच्या उदाहरणात दोन्ही प्रोग्रामांनी वाचतानाच अपडेट लॉक मागितला, तर दुसरा तिथेच थांबतो, जुनी शिल्लक वाचण्याआधीच. पहिला बढती घेतो, ७,००० लिहितो, पक्का करतो. मग दुसरा ७,००० वाचतो आणि ५,००० लिहितो. कोणाचाही व्यवहार मागे घ्यावा लागत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये `UPDATE` हा आदेश नोंदी शोधताना आपणहून असाच लॉक घेतो. आधी वेगळा `SELECT` करायचा असेल, तर त्यात `WITH (UPDLOCK)` असे लिहावे लागते.

इनोडीबीमध्ये नोंदींसाठी असा तिसरा प्रकार नाही. तिथे वाचतानाच `FOR SHARE` ऐवजी `FOR UPDATE` लिहून थेट एक्सक्लुझिव्ह लॉक घेणे हा मार्ग आहे. यात शेअर्ड लॉक मागणारे इतर वाचक थोडे जास्त थांबतात, पण अपग्रेडचा प्रश्नच उरत नाही. आणि खात्यासारख्या साध्या कामात तर वजाबाकी डेटाबेसवरच सोपवावी: `SET balance = balance - 3000`. वाचणे आणि लिहिणे एकाच आदेशात, एकाच एक्सक्लुझिव्ह लॉकखाली होते.

अपडेट लॉकचीच कल्पना फोनमध्येही सापडते. अँड्रॉइडवरील संपर्कांची यादी ज्या एसक्यूलाइटमध्ये साठवली जाते, तो डेटाबेस मूळ पद्धतीत संपूर्ण फाइलला लॉक लावतो. तिथे `SHARED` आणि `EXCLUSIVE` यांच्या मध्ये दोन पायऱ्या आहेत. `RESERVED` म्हणजे लिहिण्याचा हक्क राखून ठेवणे. तो एका वेळी एकालाच मिळतो, पण नवे वाचक येत राहू शकतात. लिहिलेले फाइलमध्ये उतरवण्याची वेळ आली, की `PENDING` लागतो. आत असलेल्या वाचकांना तो हाकलत नाही, पण दार लावून घेतो. शेवटचा वाचक बाहेर पडला, की `EXCLUSIVE` मिळतो. दोन प्रोग्रामांनी आधी वाचले आणि मग दोघेही लिहायला निघाले, तर दुसऱ्याला `SQLITE_BUSY` हे उत्तर मिळते. अशा वेळी वाट पाहण्यात अर्थ नसतो; त्याने आपला व्यवहार सोडून दिला, तरच पहिला पुढे सरकतो. व्यवहाराची सुरुवात `BEGIN IMMEDIATE` ने केली, तर राखीव हक्क आधीच मागितला जातो आणि हा प्रसंग येत नाही.

उलट दिशेचे रूपांतर म्हणजे डाउनग्रेड: एक्सक्लुझिव्ह लॉक शेअर्ड करणे. इथे थांबावे लागतच नाही. ज्याच्याकडे एक्सक्लुझिव्ह आहे, तो आत एकटाच असतो. त्याने आपली मागणी कमी केली, तर कोणाशी संघर्ष होण्याचा संबंध नाही. उलट रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वाचकांना लगेच आत येता येते. कोंडीही होत नाही, कारण डाउनग्रेड करणारा कोणाचीच वाट पाहत नाही.

मात्र ते कधी करायचे याला मर्यादा आहे. टू-फेज नियमानुसार डाउनग्रेड म्हणजे हक्क सोडणे, म्हणून अपग्रेड पहिल्या टप्प्यात चालते आणि डाउनग्रेड दुसऱ्या. शिवाय बदल केला असेल, पण व्यवहार पक्का झाला नसेल, तर डाउनग्रेड घातक ठरते. समजा, पहिल्याने शिल्लक ७,००० केली आणि लगेच लॉक शेअर्ड केला. ८,००० चा धनादेश तपासणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामने ७,००० वाचले आणि धनादेश परत पाठवला. त्यानंतर पहिला व्यवहार काही कारणाने रद्द झाला आणि शिल्लक पुन्हा १०,००० झाली. धनादेश वटायला हवा होता, पण तो कधीच पक्क्या न झालेल्या आकड्यावरून परत गेला. म्हणून इनोडीबीत नोंदीवरचा लॉक डाउनग्रेड करण्याचा आदेशच नाही. बदललेल्या नोंदीचा लॉक `COMMIT` किंवा `ROLLBACK` बरोबरच जातो.

नोंदींच्या पातळीवर नसलेले डाउनग्रेड मायएसक्यूएलमध्ये संपूर्ण टेबलच्या पातळीवर मात्र उपयोगी पडते. मोठ्या टेबलची रचना `ALTER TABLE` ने बदलताना, काम चालू असतानाही लोकांना लिहिता यावे, अशी सोय अनेक बदलांसाठी आहे. त्यासाठी टेबलच्या रचनेवरील लॉक तयारीच्या वेळी क्षणभर एक्सक्लुझिव्ह केला जातो, मुख्य काम चालू असताना तो खाली उतरवला जातो आणि शेवटी नवी रचना लागू करताना पुन्हा वर चढवला जातो. उतरण्यात अडचण येत नाही. धोका असतो तो चढण्यात. कोणी सकाळी व्यवहार उघडून टेबलमधून काही वाचले आणि तो बंद न करता जेवायला गेला, तर `ALTER TABLE` त्याच्यासाठी थांबते, आणि त्यामागे आलेल्या साध्या वाचनाच्या मागण्याही थांबतात. `SHOW PROCESSLIST` मध्ये एकाखाली एक `Waiting for table metadata lock` असे दिसू लागले, की सगळ्यात जुना उघडा व्यवहार शोधून तो बंद करणे हाच उपाय.

डेटाबेसच्या बाहेरही अपग्रेड आणि डाउनग्रेड यांच्यातील हा फरक तसाच आढळतो. जावा भाषेतील `ReentrantReadWriteLock` मध्ये लिहिण्याचा लॉक हातात असताना वाचनाचा घेऊन मग पहिला सोडता येतो, म्हणजे डाउनग्रेड चालते. वाचनाचा लॉक धरून लिहिण्याचा मागितला, तर तो प्रोग्राम एकटा असला तरी कायमचा अडकतो, आणि तिथे डेडलॉक शोधून कोणाला मागे घेणारी यंत्रणा नसते. लिनक्सच्या गाभ्यातील वाचक-लेखक सेमाफोरसाठी `downgrade_write()` हे फंक्शन आहे. अपग्रेड करणारे फंक्शन तिथे नाही.